कॉफीची बाटली आणि कोकणातला पाऊस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. पण पावसाळ्यात ज्यांच्या घरी इन्स्टंट कॉफीची बाटली आहे, ते हसणार नाहीत. झाकण उघडावं आणि चमचा आत घालावा, तर तो 'टण्ण' वाजून परत यावा, हा अनुभव कोकणात आणि मुंबईत नवा नाही. काही घरांत तर कॉफी काढायला चमच्याऐवजी सुरी वापरतात.

माझं आयुष्य अन्नतंत्रशास्त्र शिकवण्यात गेलं. पदार्थात पाणी किती आणि ते कुठून आलं, हे तपासणं हे आमचं नेहमीचं काम. तरी या विषयाकडे माझं नीट लक्ष गेलं ते माझ्या मामीमुळे. मामा-मामी रत्नागिरीला असतात. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे, बरेचसे अंथरुणाला खिळलेले. जेवणात त्यांचं लक्ष नसतं, पण दुपारी चार वाजता कपभर कॉफी लागते आणि ती चांगली लागते. मुंबईहून मुलगा येताना दोनशे ग्रॅमची मोठी बाटली आणतो, कारण मोठी घेतली की स्वस्त पडते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी गेले, तेव्हा मामी ती बाटली घेऊन ओट्यापाशी उभी होती.

"अगं, बघ तरी," ती म्हणाली, "निम्मीसुद्धा संपली नाही आणि दगड झाला. दर पावसाळ्यात एक बाटली केरात जाते. पेन्शनीत हे कसं परवडायचं? आणि यांना तर दुसरं काही घशाखाली उतरत नाही."

बाटलीत कॉफीची घट्ट वडी झाली होती आणि मधोमध चमच्याने खोदलेला खड्डा होता. मी वास घेऊन पाहिला. वास चांगला होता. म्हटलं, "मामी, ही टाकू नकोस. हिचं काय करायचं ते नंतर सांगते. आधी ही अशी का झाली ते शोधू."

ती अशी का होते हे समजायला ही पूड मुळात काय आहे ते पाहावं लागेल. फिल्टरची कॉफी म्हणजे भाजून दळलेल्या बिया. तिचा चोथा राहतो, ती पाण्यात विरघळत नाही. इन्स्टंट कॉफीचं तसं नाही. कारखान्यात आधी भरपूर कॉफी उकळून तिचा दाट काढा करतात आणि मग त्या काढ्यातलं पाणी उडवतात. एका पद्धतीत उंच मनोऱ्यातून गरम हवेत काढ्याचे बारीक तुषार सोडतात आणि खाली कोरडी पूड पडते. तिचे दाणे हवे असतील तर ती थोडी ओलसर करून एकत्र आणतात. दुसऱ्या, महागड्या पद्धतीत काढा गोठवून निर्वातात सुकवतात. म्हणजे आपल्या बाटलीत असतो तो सुकवलेला काढा. तो पाण्यात विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो. त्यामुळे पाणी कुठूनही आलं, तरी तो आपलं काम करायला लागतो.

यातली खुबी कळायला दोन घरगुती पदार्थ आठवा. खडीसाखर आणि चिक्की. खडीसाखर पावसाळ्यात डब्यात पडून राहिली तरी बरीचशी कोरडी राहते. चिक्की मात्र उघडी ठेवली तर दुसऱ्या दिवशी बोटांना चिकटते. गोडवा दोन्हींत साखरेचा किंवा गुळाचाच. फरक रचनेचा आहे. खडीसाखरेत कण शिस्तीने रांगेत बसलेले असतात, त्यांच्यामध्ये पाण्याला शिरायला वाव नसतो. चिक्कीचा पाक भराभर थंड झालेला असतो. कणांना रांगेत बसायला वेळच मिळालेला नसतो, ते जिथे होते तिथे थिजून गेलेले असतात, काचेसारखे. अशा पदार्थात पाणी सहज शिरतं आणि शिरलं की तो मऊ पडतो.

इन्स्टंट कॉफीचा प्रत्येक दाणा म्हणजे अशी छोटीशी चिक्की आहे. कोरडा असेपर्यंत तो कडक असतो आणि शेजारच्या दाण्यावरून घरंगळतो. थोडं पाणी शिरलं की त्याचा बाहेरचा थर चिकट होतो आणि दोन दाणे एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी आलं की दाण्यांचा आकारच ढासळतो, आतल्या पोकळ्या मिटतात आणि सगळं मिळून एक होतं. मामीच्या बाटलीत ते झालं होतं. बाटलीत मिश्रण होतं, म्हणजे कॉफीत चिकोरी घातलेली. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांत चिकोरी बहुधा असते आणि कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के, हे लेबलवर छापणं बंधनकारक आहे. चिकोरी हे एक मूळ. ते भाजल्यावर त्यातल्या साखरेसारख्या द्रव्यांना पाण्याची ओढ फार. म्हणून मिश्रणाची बाटली शुद्ध कॉफीपेक्षा लवकर चिकटते. चव आवडत असेल तर मिश्रण जरूर घ्यावं, पण जपायला जास्त लागतं.

आता किती पाण्याने हे होतं, ते पाहू. थोडा हिशोब आहे, पण सोपा आहे. कारखान्यातून निघताना कॉफीत शंभर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. ते सात-आठ ग्रॅमवर गेलं की गुठळ्या व्हायला लागतात. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या भरलेल्या बाटलीची वडी करायला फक्त नऊ-दहा ग्रॅम पाणी पुरतं. चहाचे दोन चमचे! पन्नास ग्रॅमच्या बाटलीला तर अर्धाच चमचा.

मी हे सांगितल्यावर मामी लगेच म्हणाली, "मग झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, तिनेच होत असणार." आपल्या सगळ्यांची हीच समजूत असते. म्हणून आपण घाईघाईने झाकण लावतो आणि निर्धास्त होतो. पण हिशोब वेगळंच सांगतो.

कोकणात जुलैत हवेचं तापमान तीस अंशांच्या आसपास असतं आणि आर्द्रता पंच्याऐंशी टक्के धरली, तर एक लिटर हवेत सुमारे पंचवीस मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. मामीची बाटली निम्मी रिकामी होती. तिच्यात साधारण चारशे मिलिलिटर हवा आणि शंभर ग्रॅम कॉफी. झाकण उघडल्यावर आतली सगळी हवा बदलली असं धरलं, तरी दर खेपेला आत जाणारं पाणी दहा मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम कॉफीची वडी व्हायला सुमारे पाच ग्रॅम हवं. म्हणजे झाकण पाचशे वेळा उघडावं लागेल. मामी ते दिवसातून एकदा उघडते. या हिशोबाने बाटली दीड वर्ष टिकायला हवी होती. ती महिन्याभरात गेली. याचा अर्थ पाणी दुसऱ्याच वाटेने येत होतं.

कुठून, ते बघायला मी चार वाजता स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. मामीला म्हटलं, रोज करतेस तसंच कर, माझ्याकडे बघू नकोस.

मामीने गॅसवर दूध ठेवलं. बाटली गॅसच्या डाव्या हाताला ओट्यावर असते, ती तिथेच उघडली आणि झाकण बाजूला ठेवलं. चमचा नळाखाली धरून विसळला, दोनदा झटकला आणि बाटलीत घातला. कॉफी कपात टाकली. तेवढ्यात मामांनी हाक मारली, म्हणून ती आत गेली. दूध वर येऊ लागलं, मी गॅस बारीक केला. वाफ पसरत होती आणि उघडी बाटली तिथेच होती. मामी सातआठ मिनिटांनी आली, तिने दूध ओतलं, त्याच चमच्याने ढवळलं आणि "जरा फिकी झाली" म्हणत तोच चमचा पुन्हा बाटलीत घातला. मग झाकण लावलं.

एवढ्यात सगळं कळलं. पाण्याचा एक साधा थेंब पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक थेंब आत जाणं हे मामीची बाटली पाच वेळा उघडण्यासारखं झालं. झटकलेल्या चमच्यावर असे दोन-तीन थेंब सहज राहतात. शिवाय हे पाणी सगळ्या कॉफीत पसरत नाही. चमचा जिथे लागतो तिथेच जिरतं, तिथली कॉफी एकदम काकवीसारखी होते, मग तिच्याभोवती गोळा धरतो आणि शेजारची कोरडी पूडही त्याला चिकटत जाते. बाटलीत मधोमध खडा आणि कडेला सुटी पूड असेल, तर चमचा ओला होता असं खुशाल समजा.

वाफेचं तर आणखी वाईट. साध्या दमट हवेत लिटरमागे पंचवीस मिलिग्रॅम पाणी, पण दुधाच्या पातेल्यावरची साठ अंशांची वाफाळलेली हवा तेवढ्याच जागेत सव्वाशेच्या वर वाहून आणते. ती थंड काचेला लागली की तिचं दव होतं आणि कडेने खाली उतरतं. बाटलीत कडेचा आणि वरचा थर घट्ट, आतली कॉफी मोकळी, अशी खूण दिसली तर ते वाफेचं काम.

आणि तिसरी वाट मला सर्वात शेवटी सापडली. नव्या बाटलीच्या तोंडावर चंदेरी कागद चिकटवलेला असतो. मामीने तो मध्ये फाडून भोक केलं होतं, पण कडेची झालर तशीच होती. तिच्या सुरकुत्यांमुळे झाकण एका बाजूला काठाला टेकतच नव्हतं. हे तपासायला वर्तमानपत्राची एक पट्टी काठावर ठेवून झाकण घट्ट लावावं आणि पट्टी ओढावी. ती घट्ट बसायला हवी. असं चार बाजूंनी करावं. मामीच्या बाटलीत एका बाजूने पट्टी सुळकन बाहेर आली. झाकण उघडणं दहा सेकंदांचं असतं, पण ही फट दिवसाचे चोवीस तास उघडी असते.

त्या रात्री मी आणखी एक गंमत केली. मामीच्या घरातल्या एका पाकिटातली पाच ग्रॅम सुटी कॉफी बशीत पातळ पसरून ओट्यावर ठेवली. सकाळी तिचा काळा, चकचकीत, डांबरासारखा थर झाला होता. बशी वजनकाट्यावर ठेवली, तर अर्ध्या ग्रॅमहून जास्त वजन वाढलं होतं. मामी म्हणाली, "एका रात्रीत? मग मिठाला तांदूळ घालतात तसे यात घालू का?"

श्रोतेहो, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. तांदळाचा उपाय कॉफीला चालत नाही, उलटा पडतो. मीठ फार सोशिक. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेल्याशिवाय त्याला पाणी सुटत नाही, त्यामुळे तांदळाचा थोडा आधार मिठाला पुरतो. कॉफी पन्नास टक्क्यांच्या आतबाहेरच चिकटायला लागते. आणि आपल्या घरातले तांदूळ कोरडे वाटले, तरी त्यांत शंभर ग्रॅममागे बारा-तेरा ग्रॅम पाणी असतं, पावसाळ्यात थोडं अधिकच. कॉफीत ते तीन. बंद बाटलीत हे दोघे शेजारी ठेवले तर पाणी कुणाकडून कुणाकडे जाईल? तांदळाकडून कॉफीकडे. आपण रक्षक म्हणून ठेवलेले तांदूळच पाणी देत बसतात. तांदूळ कढईत खरपूस भाजून, बंद डब्यात गार करून, पुरचुंडीत बांधून घातले तर थोडा उपयोग होतो, पण दर आठवड्याला पुन्हा भाजावे लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा चमचा पुसणं सोपं.

औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी ही दुसरी युक्ती. ती खरोखर पाणी ओढते, पण कॉफीच्या कोरड्या बाटलीत आपल्या वजनाच्या दहा-पंधरा टक्केच. एक ग्रॅमची पुडी म्हणजे दोन-तीन थेंब. शिवाय औषधाच्या बाटलीतून काढून तासभर ओट्यावर ठेवली तर तिथेच तिचं पोट भरतं. वापरायची असेल तर खाद्यपदार्थांसाठी म्हणून मिळणारी, न फाटणारी आणि ताजी पुडी वापरा. बुटांच्या खोक्यातली किंवा निळ्या मण्यांची नको. निळ्या रंगासाठी कोबाल्टचा क्षार वापरलेला असतो आणि तो पोटात जाण्याजोगा नाही. पण झाकण बसत नसेल तर पुडी काही करू शकत नाही आणि झाकण नीट बसत असेल तर तिची फारशी गरज पडत नाही.

आणि फ्रिज. शेजारच्या वहिनींनी मामीला फ्रिजचा सल्ला दिला होता. न फोडलेल्या बाटलीला फ्रिजची गरज नाही आणि फोडलेल्या बाटलीला तो घातक आहे. पावसाळ्यात कोकणातल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो तो याचमुळे. फ्रिजमधली कॉफी चारपाच अंशांची. बाहेर काढून लगेच झाकण उघडलं की तोच घाम आत, थेट कॉफीवर फुटतो. रोज एकदा असं केलं तर वडी ठरलेलीच.

मग आम्ही काय केलं? मुलाने पुढच्या खेपेला आणलेली दोनशे ग्रॅमची बाटली एका कोरड्या दुपारी फोडली. कोरडी म्हणजे पाऊस उघडलेला, ऊन पडलेलं, गॅस बंद आणि ओल्या कपड्यांची दोरी घरात नाही अशी. जॅमच्या चार छोट्या काचेच्या बाटल्या, आत रबरी कड असलेल्या झाकणांच्या, आदल्या दिवशी धुऊन उन्हात आणि मग ओव्हनच्या मंद आचेवर खडखडीत वाळवल्या होत्या. ओव्हन नसेल तर स्वच्छ पंच्याने पुसून उन्हात पालथ्या ठेवा आणि तोंडाला हात लावून पाहा. बाटल्या पूर्ण गार झाल्यावर त्यांत कॉफी गळ्यापर्यंत भरली आणि हलकेच आपटून बसवली. गळ्यापर्यंत का? कारण आत हवा जेवढी कमी, तेवढं उघडल्यावर येणारं पाणी कमी, आणि वासही कमी उडतो. तीन बाटल्या कपाटात, गॅसपासून लांब, अंधारात. चौथी वापरात. ती संपली की दुसरी.

स्टीलचे डबे आम्ही मुद्दाम टाळले. आपल्याकडचे देखणे पाळीचे डबे डाळीला उत्तम, पण त्यांची झाकणं हवाबंद नसतात. एखादा डबा हवाबंद आहे की नाही याची शंका असेल, तर कॉफीआधी मूठभर कुरकुरीत कुरमुरे त्यात घालून झाकण लावा आणि दोन दिवसांनी खाऊन पाहा. कुरमुरे मऊ लागले, तर डबा कॉफीच्या कामाचा नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी महागडी यंत्रं दाखवायचे, पण घरासाठी कुरमुऱ्यांएवढं चोख यंत्र मला माहीत नाही. आणि पाकिटातली कॉफी असेल तर ती डब्यात ओतू नका. पाकिटाला आतून धातूचा पातळ थर असतो, तो पाण्याला चांगला अडवतो. पाकीट दाबून हवा काढावी, तोंड दोनतीनदा दुमडून चिमटा लावावा आणि पाकिटासकट डब्यात ठेवावं.

मामीच्या सवयीत एकच बदल केला. आधी कॉफी काढायची आणि मग गॅस लावायचा. कोरडा चमचा बाटलीसाठी वेगळा, तो बाटलीशेजारी झाकलेल्या पेल्यात. ढवळायला दुसरा. फिकी झाली तर तो दिवस फिकी प्यायची. मामा यावर थोडे कुरकुरले.

आता दुसरा प्रश्न. उघडलेली बाटली किती दिवस चालते? लेबलवर जी 'बेस्ट बिफोर' तारीख असते ती न उघडलेल्या बाटलीची. पुष्कळ जण ती वाचून दीड वर्ष निश्चिंत राहतात. भरताना आतली हवा काढून तिथे निष्क्रिय वायू भरण्याची पद्धत आहे आणि चंदेरी कागद तो अडवून धरतो. कागद फाटला की प्राणवायू आत आला आणि कॉफीचा वास उतरायला लागला. म्हणून तारखेपेक्षा कागद फाडल्याचा दिवस महत्त्वाचा. तो मी झाकणावर स्केचपेनने लिहिते.

माझा अनुभव असा, की कोरड्या हवेत, पुण्यात किंवा नागपूरला हिवाळ्यात, उघडलेली बाटली तीनेक महिने चवीला चांगली राहते. किनाऱ्यावर पावसाळ्यात चारसहा आठवड्यांत संपवावी. त्यानंतर ती वाईट होते असं नाही. कोरडी असेपर्यंत तिच्यात बुरशी किंवा जंतू वाढू शकत नाहीत, त्यांना लागेल एवढं पाणीच तिथे नसतं. सहा महिन्यांची कोरडी कॉफी प्यायल्याने पोट बिघडत नाही, फक्त ती कडू पाण्यासारखी लागते आणि तिला जुन्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.

मग टाकायची कधी? गुठळ्या बोटांत चुरल्या की मोडतात, तोवर काहीच बिघडलेलं नाही. चमच्याने मोडून वापरा आणि झाकणाची पट्टी तपासा. कडक वडी झाली, पण कोरडी आहे आणि वास कॉफीचा आहे, तर चव थोडी उतरली असेल, पिण्याला हरकत नाही. मात्र ती काळी, ओली, तारेसारखी ओढली जाणारी झाली असेल आणि तशीच दिवसेंदिवस पडून असेल, तर सावध व्हा. त्यावर पांढरी किंवा हिरवट लव दिसली किंवा कुबट, ओल्या भिंतीसारखा वास आला, तर वरचा भाग काढून खालचा वापरण्याचा मोह धरू नये. सगळी बाटली टाकावी. बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

एक सूचना बाटलीच्या तळाबद्दल. शेवटचे पाच ग्रॅम नेहमी आधी का चिकटतात? तेव्हा बाटलीत कॉफी थोडी आणि हवा भरपूर असते. पन्नास ग्रॅमच्या बाटलीत शेवटचे पाच ग्रॅम उरले, की आधी जो हिशोब पाचशे वेळांचा होता तो पन्नासवर येतो. दिवसातून दोनदा उघडली तर पंचवीस दिवस. पाव बाटली उरली की ती लहान कोरड्या डबीत काढावी. होमिओपॅथीच्या मोठ्या गोळ्यांची बाटलीसुद्धा चालते, मात्र तिचा जुना वास गेलेला हवा.

राहिली मामीची ती पहिली वडी. तिच्यात साधारण साठ ग्रॅम कॉफी अडकली होती. कोरडी होती, वासही चांगला. अशी वडी उन्हात किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा पूड होईल, असं वाटतं, पण होत नाही. गरम झाली की ती आणखी मऊ होते आणि गार झाल्यावर अधिक कडक. तिला जे हवं आहे तेच द्यावं, म्हणजे पाणी. बाटली आधी बाहेरून कोमट पाण्यात धरली, नाहीतर काच तडकते. मग उकळून थोडं निवलेलं तीनशे मिलिलिटर पाणी आत ओतलं आणि झाकण सैल ठेवून दहा मिनिटं थांबलो. मग हलवत हलवत वडी विरघळवली. दाट काळा अर्क तयार झाला. चहाचे दोन चमचे अर्क म्हणजे जवळजवळ एका कपाची कॉफी.

असा अर्क फ्रिजमध्ये चारपाच दिवसच ठेवावा, कारण आता त्यात भरपूर पाणी आहे आणि तो नासू शकतो. मामांना रोज एक कप, म्हणजे अर्क महिनाभर पुरणार. म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये प्रत्येक घरात दोन-दोन चमचे ओतून गोठवला. दुसऱ्या दिवशी खडे सुटे करून झाकणाच्या डब्यात, फ्रीजरमध्येच ठेवले. चार वाजले की एक खडा काढायचा आणि उकळत्या दुधात टाकायचा. मामी हे खडे पाहून म्हणाली, "दगड होताच, आता याचे मुद्दाम दगड केलेस."

मी निघाले तेव्हा डब्यात तीसच्या वर खडे होते. मामांनी पहिल्या दिवशी पिऊन पाहिलं आणि नेहमीपेक्षा जरा कमी वास आहे, असं सांगितलं. ते बरोबर होतं, वास काही परत येत नाही. पण तक्रार करत त्यांनी कप रिकामा केला.

सप्टेंबरच्या शेवटी मामीचा फोन आला. चार छोट्या बाटल्यांपैकी तिसरी वापरात होती आणि चौथी अजून फोडायची होती. कॉफी कशी आहे, म्हणून विचारलं, तर तिने उत्तर न देता फोनजवळ बाटली हलवून ऐकवली. आत खुळखुळ आवाज येत होता.